मसाला मशीनसाठी प्रदर्शनातला स्टॉल: अॅडव्हान्स भरण्याआधी आयोजकांना काय विचारायचं

आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, मसाला पल्व्हरायझर बनवतो. पुण्यातल्या चार दिवसांच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेतोय. दोन मशीन नेणार आहोत, 3 एचपी सिंगल फेज आणि 5 एचपी थ्री फेज. दोन्ही चालवून दाखवायच्या आहेत. आयोजक म्हणतात, 3 बाय 3 चा स्टॉल आहे, लाइट-प्लग सगळं त्यात आलं, आधी अॅडव्हान्स भरा. पैसे भरण्याआधी जागा, वीज आणि मांडणीच्या वेळेबद्दल त्यांना नेमकं काय विचारू?

अॅडव्हान्स अजून भरला नसेल तर दोन दिवस थांबा. ‘लाइट-प्लग सगळं त्यात आलं’ हे साड्या, पुस्तकं किंवा लोणची मांडणाऱ्याच्या बाबतीत खरं असतं. तुम्ही मोटार फिरवणार आहात, त्यामुळे तुम्हाला त्यातलं जवळपास काहीच पुरणार नाही. आयोजक खोटं बोलतोय असं नाही. फोनवर बोलणाऱ्या सेल्सच्या माणसाला रोज शंभर जण एकच प्रश्न विचारतात आणि तो एकच उत्तर देतो. तुमचं मशीन त्याच्या डोळ्यासमोर नसतं.

म्हणून प्रश्न विचारायच्या आधी दोन्ही मशीनची माहिती एका कागदावर लिहून काढा: लांबी, रुंदी, सायक्लोन आणि फिल्टर बॅगसकट पूर्ण उंची, वजन, मोटार किती एचपीची आणि किती फेजची, स्टार्टर कोणता. मोटारीच्या नेमप्लेटचा फोटोही काढून ठेवा. हा कागद सोबत जोडला की आयोजकाला ‘होऊन जाईल’ असं मोघम उत्तर देता येत नाही. त्याला तो कागद त्यांच्या ऑपरेशन्सच्या किंवा इलेक्ट्रिकलच्या माणसाकडे पाठवावाच लागतो, आणि खरी उत्तरं त्याच माणसाकडे असतात.

आता जागा. 3 बाय 3, म्हणजे 9 चौरस मीटर, हा आपल्याकडे सर्वांत लहान तयार स्टॉल. त्याला शेल स्कीम म्हणतात: अॅल्युमिनियमचे खांब, त्यांत बसवलेले पांढरे पॅनेल, वर नावाची पट्टी म्हणजे फॅशिया, खाली कारपेट, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाइट आणि एक प्लग. याउलट बेअर स्पेस म्हणजे जमिनीवर खडूने आखलेला नुसता चौकोन, बाकी सगळं तुमचं तुम्ही उभारायचं. त्याचा दर चौरस मीटरमागे थोडा कमी असतो, पण ती जागा बहुधा 18 किंवा 36 चौरस मीटरच्या पुढेच देतात. म्हणून तुमच्यासाठी शेल स्कीमच बरी.

पहिला प्रश्न मापाचाच विचारा: 3 मीटर हे बाहेरून मोजलेलं आहे की आतून? खांब आणि पॅनेलची जाडी धरून आत काही सेंटीमीटर कमीच मिळतात. मागच्या भिंतीवर बॅनर छापून घेणार असाल तर हे कळीचं आहे. पॅनेल मीटरभराचं म्हणतात, पण दोन खांबांच्या मध्ये दिसणारी फळी त्याहून अरुंद असते. दिसणाऱ्या फळीचं नेमकं माप आयोजकाच्या स्टॉल उभारणाऱ्या ठेकेदाराकडून मागून घ्या आणि मगच छपाईला द्या. पॅनेलला खिळा किंवा स्क्रू चालत नाही, भोक पडलं तर पॅनेलचे पैसे लावतात. बॅनर वरच्या पट्टीला एस-हुकने टांगायचा किंवा दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने लावायचा.

मापाहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे उंची, आणि ती कुणीच विचारत नाही. शेल स्कीमचे पॅनेल साधारण अडीच मीटर उंच असतात. पुढच्या बाजूला वर फॅशियाची पट्टी येते, म्हणजे तिच्या खालून आत जायला जेमतेम सव्वादोन मीटर उरतात. तुमच्या 5 एचपीच्या मशीनला सायक्लोन आणि वर कापडी बॅग असेल तर ती उभी आत जाणार नाही. मी एका प्रदर्शनात समोरच्या स्टॉलवाल्याचं मशीन फॅशियाशी अडलेलं पाहिलंय. रात्री साडेदहाला फॅशिया काढणारा माणूस सापडत नव्हता आणि चार हमाल मशीन धरून पॅसेजमध्ये उभे. तेव्हा विचारा: ‘मशीन आत गेल्यावर फॅशिया लावाल का? आणि स्टॉलमध्ये जास्तीत जास्त किती उंचीला परवानगी आहे?’ सायक्लोन सुटा करून नेता येत असेल तर उत्तम. पण मग जोडायला लागणारा तासभर वेळ वेळापत्रकात धरा.

तिसरी गोष्ट, लेआउट. तुमचा स्टॉल नंबर दाखवणारा नुसता रंगीत नकाशा पुरत नाही. हॉलचे खांब, हायड्रंट, अग्निशमनाच्या नळीची पेटी, दारं आणि डीबी म्हणजे विजेचे वितरण बोर्ड दाखवणारा नकाशा मागा. जुन्या हॉलमध्ये खांब कधीकधी स्टॉलच्या कोपऱ्यात येतो आणि 9 मीटरमधला अर्धा मीटर तोच खातो. कोपऱ्याचा स्टॉल, म्हणजे दोन बाजू मोकळ्या, साधारण दहा टक्के जास्त दराने विकतात. तुमच्यासाठी तो फायद्याचा आहे, कारण लोक दोन बाजूंनी मशीन पाहू शकतात. पण भिंत एक कमी होते, म्हणजे बॅनरची जागाही तेवढी कमी. शिवाय मोकळ्या बाजूला आलेला लहान मुलांचा हात फिरत्या बेल्टपर्यंत पोहोचणार नाही, एवढं मशीन आत ठेवावं लागतं. गार्ड नसलेली पुली घेऊन जाऊच नका.

आता दोन मशीन 3 बाय 3 मध्ये बसतात का, ते कागदावर बसवून बघा. समजा मोठ्या मशीनला 1.2 बाय 0.9 मीटर जागा लागते आणि लहानीला 0.9 बाय 0.6. मागे चालवणाऱ्या माणसाला उभं राहायला पाऊण मीटर हवा. त्यातून पोतं, धण्याचा डबा आणि दळून आलेल्या मालाचं पातेलं. पुढे लोकांना उभं राहायला किमान मीटरभर हवा, नाहीतर गर्दी पॅसेजमध्ये साचते आणि शेजारचा स्टॉलवाला तक्रार करतो. कोपऱ्यात टेबल, त्यावर कॅटलॉग, आणि बसून दराची बोलणी करायला दोन खुर्च्या. हे सगळं बसवलं की दोन मशीन एकमेकींना खेटून उभ्या राहतात. फुकट मिळणारं टेबल नको असेल तर तसं आधी कळवा, नाहीतर ते आत आणून ठेवतात आणि मग ते परत घेऊन जायला कुणी येत नाही. दोन मशीन खरंच चालवायच्या तर 4 बाय 3 मागा, आणि मागताना 4 मीटर पुढची बाजू हवी हे स्पष्ट लिहा. नाहीतर 3 मीटर रुंद आणि 4 मीटर खोल असा बोगदा पदरात पडतो.

विजेकडे येऊ, कारण खरं घोडं इथेच अडतं.

स्टॉलमध्ये मिळणारा फुकटचा प्लग बहुतेकदा 5 अँपिअरचा असतो. 230 व्होल्टला 5 अँपिअर म्हणजे 1,150 वॅट. त्यावर मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही चालतो. तुमचं 3 एचपीचं सिंगल फेज मशीन भरलेल्या मालावर सुमारे 3 किलोवॅट खेचतं, म्हणजे 14 ते 18 अँपिअर. ते 5 च्या प्लगवर चालायचा प्रश्नच नाही, आणि 15 अँपिअरच्या प्लगवरही टिकत नाही. सुरू होताना करंट काही क्षण चार-पाच पट उसळतो आणि एमसीबी पडतो. कधी तुमचा पडतो, कधी चार स्टॉलचा सामायिक असलेला पडतो आणि मग शेजारी तुमच्याकडे बघतात.

5 एचपी थ्री फेजचं गणित वेगळं. ती साधारण 4.4 किलोवॅट घेते, म्हणजे प्रत्येक फेजवर सात-साडेसात अँपिअर. मोटार थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणाऱ्या डीओएल स्टार्टरवर सुरू होताना मात्र सहापट, म्हणजे 45 अँपिअरच्या आसपास. पल्व्हरायझरचा रोटर जड असल्याने हा उसळलेला करंट पंपासारखा लगेच उतरत नाही, काही सेकंद टिकतो. हॉलची लाइन मुळात भक्कम असते, तिथे हे निभावतं. पण प्रदर्शन मोकळ्या मैदानावर, जर्मन हँगर म्हणजे मोठा तात्पुरता मांडव टाकून असेल तर वीज जनरेटरची असते. तिथे तुमचं मशीन सुरू झालं की व्होल्टेज बसतं आणि समोरच्यांच्या टीव्हीचे पडदे लुकलुकतात. म्हणून हा प्रश्न यादीत घाला: ‘हॉलमध्ये वीज महावितरणची की डीजी सेटची? मोटार सुरू करताना चालणारा स्टार्टर कोणता?’ 5 एचपीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावून न्या. सुरुवातीचा करंट डीओएलच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आणि मशीन नेहमी रिकामं सुरू करायचं, हॉपरमध्ये माल असताना नाही. हे तुम्हाला माहीत आहेच, पण स्टॉलवर बटण दाबणारा माणूस बहुधा सेल्सचा असतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात अनुभवी लोकही फसतात. आयोजक वीज किलोवॅटच्या हिशोबाने विकतो. तुम्ही 5 किलोवॅट थ्री फेज घेतली आणि विचार केला, की 5 एचपी बंद करून त्याच लाइनवर 3 एचपी सिंगल फेज चालवू, 3 किलोवॅटच तर लागते. तसं होत नाही. थ्री फेजचे 5 किलोवॅट तीन फेजवर वाटलेले असतात, म्हणजे एका फेजवर आठेक अँपिअर. तुमच्या सिंगल फेज मोटारीला एकाच फेजवर पंधरा-सोळा हवेत. त्या फेजवर ठरल्याच्या दुप्पट भार येतो आणि एमसीबी पडू शकतो. दोन्ही चालवायच्या असतील तर 5 किलोवॅट थ्री फेज आणि वेगळी 4 किलोवॅट सिंगल फेज, अशी दोन कनेक्शनं मागावी लागतात. सिंगल फेजची स्वतंत्र लाइन किती अँपिअरपर्यंत देता, हेही विचारा. काही ठिकाणी 15 अँपिअरच्या वर सिंगल फेज देतच नाहीत.

हे सगळं पैशात कसं दिसतं ते बघू. दर प्रत्येक प्रदर्शनाचे निराळे असतात, इथे हिशोबापुरते चौरस मीटरला 9,000 रुपये आणि किलोवॅटला संपूर्ण प्रदर्शनाचे 3,500 रुपये धरतो. त्यावर 18 टक्के जीएसटी. तुमच्या डोक्यात असलेला 9 मीटरचा स्टॉल, वीज न धरता, 81,000 अधिक कर म्हणजे 95,580 रुपये. 12 मीटर आणि दोन कनेक्शनं मिळून 9 किलोवॅट घेतली तर 1,08,000 अधिक 31,500, करासह 1,64,610. याला मधला रस्ता आहे: 9 मीटरच घ्या, 5 किलोवॅट थ्री फेज घ्या, मोठं मशीन चालवा आणि लहान मशीन बंद ठेवा. त्याचे 98,500 अधिक कर, म्हणजे 1,16,230.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी हा मधला रस्ता धरा. बंद मशीन म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. तिचं झाकण उघडं ठेवा, बीटर दिसू द्या, वेगवेगळ्या नंबरच्या जाळ्या शेजारी मांडा. घरगुती धंदा किंवा बचत गट चालवणारी गिऱ्हाइकं जाळी बदलायला किती वेळ लागतो आणि मशीन आतून पुसता येतं का, हे आधी बघतात. ते बंद मशीनवरच नीट दाखवता येतं. सुरू मशीनच्या आवाजात नाहीतरी बोलणं होत नाही.

विजेबद्दल आणखी तीन प्रश्न आहेत. पहिला, पॉइंट स्टॉलच्या नेमका कोणत्या कोपऱ्यात देणार? आयोजकाचा इलेक्ट्रिशियन डीबी किंवा आयसोलेटरपर्यंत लाइन आणून देतो. तिथून मशीनपर्यंतची केबल तुमची. पॉइंट पुढच्या कोपऱ्यात आला तर तुमची केबल लोकांच्या पायाखालून जाईल. स्टॉलचं चित्र काढून त्यावर फुली मारून पाठवा: पॉइंट इथे. जमलं तर ‘केबल कारपेटखालून घ्यायची आहे, कारपेट टाकण्याआधी पॉइंट द्या’ असंही लिहा. दुसरा प्रश्न, तुमच्या पॉइंटवर एमसीबी किती अँपिअरचा आणि कोणत्या कर्व्हचा, म्हणजे क्षणभर उसळलेला करंट किती सोसणारा? 5 एचपीला 16 अँपिअर, सी कर्व्ह मागा. 10 चा दिला तर मशीन चालताना काही होत नाही, पण डीओएलवर सुरू करताना तो कधी पडतो, कधी पडत नाही, आणि कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो. तिसरा, आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थिंगकडे गळला की वीज तोडणारा स्विच, किती मिलिअँपिअरचा आहे? मशीनला व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह, बसवला असेल तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मशीनमध्ये काही बिघाड नसतानाही पडू शकतो, कारण ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगकडे जातच असतो. आयोजकाला ड्राइव्ह आहे हे आधी सांगितलं तर त्यांचा इलेक्ट्रिशियन त्यासाठी योग्य सोय करतो. तुमच्याकडे ड्राइव्ह नसेल आणि तरीही आरसीसीबी पडत असेल, तर मात्र तो बदलायला सांगू नका. मोटारीचं वाइंडिंग ओल धरून बसलंय का किंवा वायर कुठे बॉडीला लागतेय का, ते तपासा.

डेमोची परवानगीही लेखी मागा. बंदिस्त, एसी हॉलमध्ये मिरची दळायची नाही, हे कुणी सांगायची वाट बघू नका. एकदा खकाणा उडाला की अख्खी रांग खोकते आणि आयोजकाचा माणूस येऊन तुमचा मेन स्विच बंद करतो. धणे दळा. हळकुंडं टाकली तर मशीनची ताकद दिसते, पण आवाज फार होतो, म्हणून ती ठरावीक वेळीच. बॅग चांगल्या कापडाची लावा आणि रोज संध्याकाळी झटका.

आता वेळा. ‘सेटअप कधी?’ या एका प्रश्नात चार निरनिराळ्या वेळा दडलेल्या असतात, आणि त्या वेगवेगळ्या विचाराव्या लागतात: गाडी गेटच्या आत कधी घेणार, स्टॉलचा ताबा कधी देणार, थ्री फेज पॉइंटला वीज कधी येणार, आणि पॅसेजमधलं कारपेट कधी टाकणार. आयोजक साधारणपणे ताब्याची वेळ सांगतो, ‘आदल्या दिवशी दुपारी दोनपासून’. तुमच्यासाठी मात्र शेवटच्या दोन वेळा जास्त महत्त्वाच्या आहेत.

पॅसेजचं कारपेट टाकलं की त्यावरून ट्रॉली किंवा हँड पॅलेट न्यायला मनाई करतात. ते बहुधा उद्घाटनाच्या आदल्या रात्री उशिरा टाकतात. म्हणजे ताबा दुपारी दोनला आणि कारपेट रात्री दहाला असेल तर जड मशीन आत नेण्याची खिडकी फक्त आठ तासांची आहे, आणि त्या आठ तासांत सगळ्यांच्याच गाड्या रांगेत असतात. तुमचा स्टॉल दारापासून आत, रांगेच्या टोकाला असेल तर पुढच्यांनी पॅसेजमध्ये खोकी रचण्याआधी तुमचं मशीन आत गेलं पाहिजे. जड मशीनवाल्यांना आयोजक अनेकदा आधी प्रवेश देतो, पण मागितला तरच. वजन लिहून ‘लवकर प्रवेश हवा’ असं आधीच कळवा.

वीज तर त्याहून उशिरा येते. उभारणीच्या काळात हॉलमध्ये ड्रिल वगैरे चालवायला तात्पुरती सिंगल फेज असते, आणि तिचेही काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात. स्टॉलची मुख्य लाइन आदल्या संध्याकाळी किंवा थेट उद्घाटनाच्या सकाळी चालू होते. सकाळी नऊला वीज आली आणि दहाला पाहुणे आले, तर मशीन तपासणार कधी? नव्या जागी थ्री फेज जोडली की मोटार उलटी फिरण्याची शक्यता असते, कारण फेजचा क्रम तुमच्या वर्कशॉपसारखाच असेल असं नाही. मशीन रिकामं असताना क्षणभर चालू-बंद करून पुलीवरच्या बाणाशी दिशा ताडून पाहायची. उलटी असेल तर कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करायच्या. काम दहा मिनिटांचं, पण इलेक्ट्रिशियनच्या हातचं, आणि उद्घाटनाच्या सकाळी इलेक्ट्रिशियन सापडणं महाकठीण. म्हणून आग्रह धरा: आदल्या दिवशी संध्याकाळी एक तास तरी चाचणीसाठी थ्री फेज हवी. रोज वीज किती वाजता येते आणि बंद कधी होते, हेही विचारून ठेवा. प्रदर्शनाची वेळ संपली की अर्ध्या तासात मेन बंद करणारे आयोजक आहेत, आणि मग मशीन झाडायचं राहून जातं.

गाडीचं गणित उलट्या बाजूने मांडा. संध्याकाळी सहाला चाचणी हवी असेल तर पाचपर्यंत मशीन जागेवर, सायक्लोन जोडलेला. म्हणजे तीनपर्यंत मशीन स्टॉलमध्ये, म्हणजे एकपर्यंत टेम्पो गेटवर. कुपवाड ते पुणे साधारण पाच-सहा तास धरा. पहाटे सहाच्या आत निघायला हवं. शहरात गर्दीच्या तासांना जड वाहनांना बंदी असते, ती हॉलच्या रस्त्याला लागू आहे का हे विचारा, नाहीतर छोटा टेम्पो करा. उतरवायला काय आहे? हॉलमध्ये फोर्कलिफ्ट किंवा हायड्रा क्रेन आयोजकाने नेमलेल्या ठेकेदाराचाच वापरावा लागतो, आणि तो तासावर किंवा उचलीवर पैसे घेतो. 350 किलोचं मशीन टेम्पोतून हमाल उतरवतात, पण मशीनला पॅलेट बसवलेलं असेल तर फोर्कलिफ्टचं काम पाच मिनिटांत होतं. घरूनच लाकडी पॅलेटवर बोल्ट करून न्या.

कागदांचंही इथेच उरका. मशीन विक्रीला नाही, दाखवायला नेताय, म्हणून टॅक्स इन्व्हॉइस नव्हे तर डिलिव्हरी चलन. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल एक लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. पोर्टलवर त्यासाठी ‘Exhibition or Fairs’ असा वेगळा पर्याय आहे, तोच निवडा. प्रदर्शनातच मशीन विकली गेली तर तिचं इन्व्हॉइस तिथे करावं लागेल, त्याची सोय बरोबर ठेवा.

हे सगळं फोनवर बोलून घ्या, पण मग ईमेल करा. मजकूर साधारण असा:

‘स्टॉल क्रमांक अमुक, 9 चौरस मीटर, शेल स्कीम. आम्ही मसाला पल्व्हरायझर चालवून दाखवणार आहोत. मशीनचं माप, वजन आणि मोटारीच्या नेमप्लेटचा फोटो सोबत जोडला आहे. कृपया पुढील गोष्टी बुकिंगआधी लेखी कळवाव्यात. एक, स्टॉलचं आतलं माप, उंचीची मर्यादा, आणि स्टॉलमध्ये खांब किंवा हायड्रंट आहे का. दोन, 5 किलोवॅट थ्री फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगसह, 16 अँपिअर सी कर्व्ह एमसीबीवर, सोबतच्या चित्रातल्या जागी मिळेल का, आणि त्याचा करासह एकूण दर काय. तीन, ही वीज आदल्या दिवशी किती वाजता चालू होईल. चार, आमचा टेम्पो किती वाजता आत घेणार, मशीन आत गेल्यावर फॅशिया लावता येईल का, आणि पॅसेजचं कारपेट कधी पडणार. पाच, धणे आणि हळद दळून दाखवण्यास परवानगी आहे का. सहा, शेवटच्या दिवशी गाडी किती वाजता आत येऊ शकेल.’

उत्तर आलं की ते प्रोफॉर्मा इन्व्हॉइसशी ताडून बघा. इन्व्हॉइसवर स्टॉल नंबर, माप, किती बाजू मोकळ्या, वीज किती किलोवॅट आणि किती फेज, आणि तुमचा जीएसटी नंबर हे सगळं असायला हवं. जीएसटी नंबर नसेल तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळवताना त्रास होतो. अटींमध्ये दोन कलमं शोधा: आयोजक स्टॉलची जागा बदलू शकतो का, आणि रद्द केल्यास किती पैसे परत. पहिलं कलम जवळपास सगळ्यांकडे असतं, ते काढून टाकायला कुणी तयार होत नाही. पण जागा बदलली तरी माप, मोकळ्या बाजू आणि थ्री फेज पॉइंट तोच राहील, एवढी ओळ ईमेलवर मिळवता येते. दोन-तीन वेळा विचारूनही वीज आणि चाचणीच्या वेळेचं लेखी उत्तर येत नसेल, तर त्या प्रदर्शनात मशीन चालवायचा नाद सोडा. तिथे कॅटलॉग आणि बंद मशीन घेऊन जा किंवा दुसरं प्रदर्शन बघा.

बुकिंगनंतर आयोजक एक्झिबिटर मॅन्युअल पाठवतो. त्यात विजेचा, फॅशियाच्या नावाचा, पासांचा असे वेगवेगळे फॉर्म असतात आणि प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी. ईमेलवर वीज मागितली म्हणजे फॉर्म भरला असं होत नाही, तो वेगळा भरावाच लागतो. तारीख उलटल्यावर मागितलेल्या विजेला जादा आकार लागतो, आणि थेट जागेवर मागितली तर मिळेलच असं नाही. फॅशियावर नाव कसं हवं ते मराठी आणि इंग्रजी दोन्हीत स्वतः टाइप करून द्या, फोनवर सांगू नका.

शेवटच्या दिवसाचं आधीच ठरवून ठेवा. प्रदर्शन संपण्याच्या वेळेआधी आवराआवर करू देत नाहीत, आणि संपल्यावर वीज लगेच जाते. म्हणून सायक्लोन सोडवायला लागणारे पाने आणि एक चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवा. टेम्पो सहालाच बोलावलात तर तो गेटबाहेर रात्री नऊपर्यंत उभा राहील आणि थांबण्याचे पैसे घेईल. गाड्या आत सोडण्याची खरी वेळ आयोजकाकडून घेऊन त्यानुसारच बोलवा. आत नेलेल्या सामानाच्या यादीवर पहिल्या दिवशी गेटवर शिक्का मारून घेतलेला असेल तरच बाहेर जायचा गेट पास पटकन मिळतो, नाहीतर प्रत्येक जाळीचा हिशोब रात्री गार्डला द्यावा लागतो.